कव्हर लेटर मेलमध्येच लिहावे की वेगळी फाइल जोडावी?

रिक्रूटरला अर्ज पाठवताना बहुतेक जण दोनपैकी एक पद्धत धरतात. पहिलीत मेलच्या मजकुरातच पाच-सहा ओळींत स्वतःबद्दल सांगायचे आणि फक्त रेझ्युमे जोडायचा. दुसरीत मेलमध्ये 'सोबत रेझ्युमे आणि कव्हर लेटर जोडले आहे' एवढेच लिहून पानभर पत्राची वेगळी फाइल द्यायची.

उदाहरण म्हणून समजा, चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात चार वर्षे काम केलेली क्वालिटी इंजिनिअर नाशिकमधल्या जागेसाठी प्लेसमेंट कन्सल्टंटला लिहिते आहे. जाहिरातीत पीपीएपीचा अनुभव मागितला आहे, म्हणजे नवा पार्ट सुरू करण्याआधी ग्राहकाकडून मंजूर करून घ्यावी लागणारी कागदपत्रे तिला तयार करता आली पाहिजेत. मेल इंग्रजीत जाईल, पण आशय असा हवा:

"नाशिकच्या क्वालिटी इंजिनिअर पदासाठी अर्ज करत आहे. चाकणमध्ये मशीन शॉपचे इन-प्रोसेस इन्स्पेक्शन चार वर्षे पाहते. गेल्या वर्षी सहा नव्या पार्टांच्या पीपीएपी फाइल मी स्वतः तयार केल्या आणि ग्राहकाकडून मंजूर करून घेतल्या. नोटीस पीरियड ६० दिवस. घर नाशिकलाच असल्याने तिकडे यायची तयारी आहे."

कन्सल्टंट हे बहुधा मोबाइलवर वाचतो. त्याला आधी तीन गोष्टी कळायला हव्या असतात: जागेला लागणारे काम केले आहे का, किती दिवसांत येईल, गाव बदलेल का. पहिल्या पद्धतीत त्या फाइल न उघडता कळतात. दुसऱ्या पद्धतीत त्याच गोष्टी पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात असतात, आणि त्याआधी 'मी मेहनती व टीम प्लेअर आहे' हे वाचावे लागते. तिथवर कितीजण पोहोचत असतील, अंदाज करा.

पण पहिल्या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे. रेझ्युमे डाउनलोड होऊन कन्सल्टंटच्या डेटाबेसमध्ये जातो, पुढे कंपनीकडेही बऱ्याचदा तेवढाच जातो, आणि मेलचा मजकूर मागे राहतो. म्हणून त्या सहा पीपीएपी फाइलींचा उल्लेख रेझ्युमेतही वरच्या भागात हवाच. उलट, कन्सल्टंटने अख्खा मेलच फॉरवर्ड केला तर तुम्ही लिहिलेला अपेक्षित पगार थेट कंपनीच्या डोळ्यांसमोर जातो. जाहिरातीत पगार विचारला असेल तर टाळू नका, कारण अपुरी माहिती असलेले अर्ज बाजूला पडतात. विचारलेला नसेल तर पहिल्या मेलमध्ये तो आकडा लिहू नये, असे माझे मत. नोटीस पीरियड मात्र न विचारताही लिहावा.

वेगळे पत्र कधी? जाहिरातीत स्पष्ट मागितले असेल तेव्हा. शिक्षणसंस्था, सामाजिक संस्था आणि परदेशातल्या नोकऱ्यांत ते अजूनही मागतात आणि वाचतातही. किंवा तुमची कहाणी रेझ्युमेवरून कळत नसेल तेव्हा: मुलासाठी तीन वर्षे नोकरी सोडली होती, किंवा प्रॉडक्शनमधून क्वालिटीत यायचे आहे. अशा वेळी पत्र जोडा, पण वरच्या ओळी मेलमध्ये राहू द्या. पत्रात त्याच ओळी पुन्हा चिकटवू नका. मेलमध्ये न मावलेले कारण तिथे सांगा. पत्र आणि रेझ्युमे एकाच पीडीएफमध्ये जोडण्याचा मोहही टाळा, कारण कंपनीकडे धाडताना त्यांना फक्त रेझ्युमे हवा असतो.

फाइल कुठली? कंपनीच्या एचआरला थेट पाठवत असाल तर पीडीएफ. मांडणी हलत नाही. कन्सल्टंट मात्र पुष्कळदा वर्ड फाइल मागतात, कारण तुमचा फोन नंबर काढून स्वतःचा लोगो घालायचा असतो. मागितली तर द्यावी. पीडीएफ उघडून मजकूर सिलेक्ट होतो का, एवढे तपासा. होत नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे, आणि रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातले काही सापडेल याचा भरवसा नाही. नाव `Resume_final_new(2).pdf` असे नको. स्वतःचे नाव आणि पद घाला.

ड्राइव्हची लिंक ही तिसरी वाट वाटते, पण रेझ्युमेसाठी ती नकोच. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे आणि दोन पानांचा रेझ्युमे तिच्या जवळपासही जात नाही. लिंकची परवानगी द्यायची राहिली तर समोरच्याला `Request access` दिसते, आणि तो परवानगी मागत बसण्यापेक्षा पुढचा अर्ज उघडतो. डिझायनरचा पोर्टफोलिओ असेल तर लिंक चालेल, पण आधी ती खासगी विंडोत उघडून पाहा.

गुणपत्रिका, पगाराच्या स्लिपा, आधार आणि पॅन पहिल्या मेलला जोडू नका. ती कागदपत्रे निवड होत आल्यावर लागतात. मुलाखतीआधीच कोणी ती मागत असेल, आणि वर नोंदणी फीही मागत असेल, तर तिथे अर्जच करू नका.