अस्तराआड सोललेलं जॅकेट

गेल्या जूनमध्ये एका ऑनलाइन जाहिरातीवरून मी साडेतीन हजारांना एक रेन जॅकेट घेतलं. विकणाऱ्याने संध्याकाळी साडेसातला स्वारगेटला बोलावलं. "दोनदाच वापरलंय दादा, नव्यासारखं आहे." बाहेरून होतंही तसंच. चेन लावून पाहिली, बाटलीतलं पाणी बाहीवर टाकलं, मोत्यासारखे थेंब घरंगळले. मी पैसे देऊन मोकळा झालो.

जुलैत पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना तासाभरात खांदे आतून ओले. आधी घाम वाटला. गुहेत जॅकेट काढलं तर काळ्या टी-शर्टवर कोंड्यासारखा पांढरा चुरा!

घरी आल्यावर उलगडा झाला. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा पातळ थर. थेंब घरंगळतात ते बाहेरच्या कापडावरच्या फवाऱ्यामुळे, आणि तो फवारा बाटलीत विकत मिळतो. म्हणजे मी केलेली परीक्षा फवाऱ्याची होती, जॅकेटची नव्हेच. या जॅकेटला आतून सुटं जाळीदार अस्तर होतं आणि सगळं सोलणं त्याच्याआड लपलेलं. खिशाच्या आत एक शिवण उसवून पाहिलं तर थर चिकट झालेला, कुबट आंबूस वास, नख लावलं की पापुद्रे निघत होते. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत घडी करून ठेवला की वर्षानुवर्षांत असाच सडतो. न वापरलेलं जॅकेटही यातून सुटत नाही, तेव्हा 'दोनदाच वापरलंय' हे कदाचित खरंही असेल.

आता मी आधी नाक खुपसतो, मग खिशातून हात घालून अस्तरामागचं कापड चाचपतो. अस्तर नसलेल्या तीन थरांच्या जॅकेटमध्ये कापड दोन बोटांत चोळायचं. थर एकमेकांवर सरकले किंवा बाहेर फुगे दिसले तर सोडून द्यायचं. घाम आणि तेल लागतं त्या कॉलरपाशी आणि सॅकच्या पट्ट्याखाली हे आधी होतं. शिवणींवरची टेप टोपी जोडलेल्या जागी आणि काखेत, जिथे दोन शिवणी एकमेकींना छेदतात, तिथे उचकटून पाहायची. नुसती टेप सुटली असेल तर सीम सीलरने भागतं. थर सोलला की उपाय नाही.

चेनचं एवढं मनावर घेऊ नका. रनरच्या मागे दाते उघडत असतील तर बॅगवाला रनर बदलून देतो. तुटलेला दाता मात्र महागात पडतो.

त्याच माणसाकडे पिसांचं जॅकेटही होतं, दोन हजारांत देत होता. उजेडासमोर धरलं असतं तर खांद्यावरचे कप्पे रिकामे आहेत का ते दिसलं असतं, पण स्वारगेटच्या त्या दिव्यात काय दिसणार! नशीब, खिशात तेवढे पैसे नव्हते.

ट्रेकनंतर फोन केला. "तुम्ही पाहूनच घेतलं होतं ना?" एवढंच म्हणाला. नंतर नंबर लागलाच नाही.