तेरची मृण्मूर्ती: थर्मोल्युमिनेसन्स की कार्बन-१४?

सोलापुरात कुणी भाजलेल्या मातीची मूर्ती दाखवून 'धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची, सातवाहनकालीन' म्हणाला, तर कोणती चाचणी करावी? माझं मत थर्मोल्युमिनेसन्सला.

मातीतल्या क्वार्ट्झसारख्या खनिजांत नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते. भट्टीत साधारण ५०० अंशांवर तापलं की हा साठा रिकामा होतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. मूर्तीच्या तळातून, मंद लाल उजेडात, चिमूटभर भुकटी काढून तापवतात. तापताना साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपात बाहेर पडते; तो जितका जास्त, तितकी भाजणी जुनी. चूक वीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण २००० वर्षं आणि ५० वर्षं यांत गल्लत होत नाही. एक खोड: मूर्तीवर मुद्दाम क्ष-किरणांचा मारा केला तर वय फुगतं. आणि जुन्या खापराचे तुकडे जोडून केलेली मूर्ती? ज्या तुकड्याला भोक पाडलं, त्याचंच वय कळतं. म्हणून दोन-तीन ठिकाणचे नमुने मागावेत.

कार्बन-१४ला सेंद्रिय पदार्थ लागतो. मातीत मिसळलेला भाताचा तूस जळून उरला असेल, तर काही मिलिग्रॅम पुरतात. पण कळतं ते भात कापल्याचं साल. मूर्तीवरची काजळी तर जुन्या कोळशानेही फासता येते. मात्र त्याच तुसात १९५०नंतरच्या अणुचाचण्यांचा वाढीव कार्बन सापडला, तर मूर्ती नवीच, वाद संपला.

क्ष-किरण फ्लुरोसन्स फक्त मूलद्रव्यं सांगतो, वय नाही. रंगात टायटॅनियम व्हाइट निघाला तर तो रंग विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा, एवढंच.