किलोमीटरवाला कार इन्शुरन्स, बरेच महिने वापरून झाल्यावर

आमच्या घरात दोन गाड्या आहेत, माझी जुनी १.२ लिटर हॅचबॅक आणि दादाची नवी दीड लिटरच्या वरची एसयूव्ही, दोन्हीला यंदा रिन्यूअलला 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह' घेतलं. वर्षात किती किमी फिरणार तो स्लॅब निवडायचा, आम्ही ५००० चा घेतला, मीटरचा फोटो अ‍ॅपवर टाकला की झालं. २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने याला परवानगी दिलीये.

आता पैशाचं. लोकांना वाटतं गाडी कमी चालवली की अख्खा प्रीमियम कमी होणार, तसं अजिबात नाहीये. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या भागाचा, रेट सरकार ठरवतं, माझ्या गाडीला ३४१६, दादाच्या गाडीला ७८९७, गाडी वर्षभर पार्किंगमधे उभी ठेवलीत तरी तेवढाच. डिस्काउंट मिळतो तो फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. माझ्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उतरलेली, त्यात ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, त्यामुळे ओडी राहिला ३८०० च्या आसपास, त्यावर २० टक्के म्हणजे ७६०, जीएसटी धरून जेमतेम ९०० वाचले. दादाचा ओडी २२००० होता, त्याच २० टक्क्यांत ४४०० आणि जीएसटी धरून ५२०० च्या जवळपास वाचले! दोघांचं रनिंग जवळपास सारखंच, फरक सगळा गाडीच्या किमतीचा आणि एनसीबीचा.

म्हणजे खरा फायदा कोणाला, तर ज्याची गाडी नवी आणि महाग आहे पण रोज ऑफिसला मेट्रोने किंवा टू-व्हीलरने जातो, किंवा वर्क फ्रॉम होम आहे त्याला. जुनी गाडी आणि फुल एनसीबीवाल्यांनी फार आशा ठेवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किमी संपले की काय होतं ते पॉलिसीच्या कागदात शोधून वाचा, कंपनीप्रमाणे वेगळं असतं. आमच्या पॉलिसीत किमी संपले की ओडी बंद, थर्ड पार्टी तेवढं चालू, म्हणजे त्यानंतर उभ्या गाडीवर झाड पडलं किंवा गाडी चोरीला गेली तरी एक रुपया मिळणार नाही. क्लेमच्या वेळी सर्व्हेयर आधी मीटर रीडिंगच बघतो. टॉप-अप मिळतं पण किमी संपायच्या आत घ्यायचं. गणपतीला पुण्याहून सावंतवाडी जाऊन-येऊन आणि तिकडे नातेवाइकांकडे फिरून हजारेक किमी सहज होतात, म्हणून आम्ही निघायच्या आधीच दादाच्या गाडीला टॉप-अप मारलं, त्याची वाचलेल्या पैशातली थोडी रक्कम त्यात गेली पण तरी तो फायद्यातच आहे.

मी पुढच्या वेळी साधी पॉलिसीच घेणार, ९०० रुपयांसाठी वर्षभर मीटरकडे डोळे लावून बसायला नको. दादा मात्र हीच चालू ठेवतोय, आणि त्याच्या गाडीला ते बरोबरच आहे.