एक ॲप काढलं, पैसे मात्र सगळ्या पासाचे गेले

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना घरात करमावं म्हणून मी चार ओटीटी ॲप्सचा एकत्र पास घेतला, महिना २९९ रुपये. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. पास विकणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, "मॅडम, जे नको ते ॲप कधीही काढून टाका, तेवढं बिल कमी होईल." हे वाक्य मी खरं मानलं.

आई फक्त मराठी मालिका बघायच्या. सिनेमांचं ॲप कोणी उघडतही नव्हतं, म्हणून पासाच्या ॲपमध्ये त्याच्यापुढचं 'रिमूव्ह' दाबलं. ते यादीतून गेलं, मी निश्चिंत झाले. तीन महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं, दर महिन्याला पूर्ण २९९ गेले होते.

त्या बटणाने ॲप फक्त आमच्या स्क्रीनवरून हटलं होतं. किंमत चार ॲप्सची मिळून एकच, आणि यूपीआयचं ऑटोपे मँडेट, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, तीही एकच, पास विकणाऱ्याच्या नावाने. सिनेमाच्या ॲपमध्ये जाऊन रद्द करायला गेले तर तिथे लिहिलेलं, 'तुमचं सबस्क्रिप्शन भागीदारामार्फत आहे, तिकडे संपर्क करा.' म्हणजे एक ॲप सोडायची सोयच नव्हती. ठेवायचा तर अख्खा पास, नाहीतर काहीच नाही.

रागाने पासच रद्द केला. महिना संपला आणि आईंची मालिका ऐन रंगात असताना बंद पडली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या महिन्यात १४९ रुपये कापले गेले. नवऱ्याने क्रिकेटसाठी त्याच पानावरून एक जादा ॲप जोडलं होतं. दिसायला ते पासाचाच भाग, पण त्याचं मँडेट वेगळं. पास रद्द झाला तरी ते चालूच राहिलं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत गेल्यावर दोन ओळी दिसल्या, एक रद्द झालेली आणि एक चालू. ती चालू ओळ मी तिथूनच रद्द केली.

खरं तर हे आधीच कळायला हवं होतं. ऑटोपेचे पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी रक्कम सांगणारा मेसेज येतो, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. सिनेमाचं ॲप काढल्यावरही माझ्या मेसेजमध्ये २९९ च होतं, मी वाचलं नाही. तुम्ही काही काढलं असेल तर पुढच्या मेसेजमधला आकडा बघा. तो तेवढाच असेल तर तुमचं काहीही कमी झालेलं नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. विक्रेत्याने जे तोंडी सांगितलं त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, त्यामुळे फक्त १४९ परत आले, तीन महिन्यांचं काहीच मिळालं नाही. आता मालिकांचं ॲप थेट घेतलंय, आईंच्याच फोनवर.