सामायिक सौर पंप: नऊ महिन्यांचा वापर, आणि माझ्याच प्रस्तावातली एक चूक

पुरंदर तालुक्यातील आमच्या सहा खातेदारांच्या सामायिक विहिरीवर गेल्या नोव्हेंबरात साडेसात अश्वशक्तीचा सौर पंप बसला. त्याचा प्रस्ताव आमच्या पाणीवापर संस्थेपुढे मीच मांडला होता. नोकरीची तीस वर्षे पुण्यात हिशेब तपासण्यात गेल्याने आकडेमोड आपली, हा विश्वास तेव्हा जरा जास्तच होता. त्यामुळे हा अनुभव पंपाचा जितका आहे, तितकाच त्या प्रस्तावाचाही आहे.

विहिरीपर्यंत विजेचे खांब पोहोचलेले नाहीत, म्हणून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मिळणारी मोफत वीज आमच्या कामाची नव्हती. विहिरीत कट्ट्यावर बसवलेले पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन तासाला साधारण १.१ लिटर तेल घेत असे. दिवसाला सहा तास आणि वर्षाला १८० दिवस धरले, तर सुमारे १,१९० लिटर, म्हणजे जवळपास १,०८,००० रुपये. सौर संचाचा खर्च ५,४०,००० रुपये होता, प्रत्येकी ९०,०००. पाच वर्षांत पैसे फिटतील, असे मी लिहिले आणि सभेने ते एका बैठकीत मान्य केले.

पाण्याचा हिशेबही मांडला होता. पॅनेल ६,७५० वॉटचे आणि दिवसाला साडेपाच तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा, म्हणजे ३७ युनिट. उष्णता, धूळ आणि तारांतील घट मिळून एक चतुर्थांश वजा केल्यावर सुमारे २८ युनिट मोटारीपर्यंत पोहोचतात. पंप आणि मोटार मिळून त्यातील ४५ टक्के पाण्यात उतरवतात, म्हणजे साडेबारा युनिट. एक युनिट ऊर्जा ३,६७,००० लिटर पाणी एक मीटर वर चढवते. आमची उंची पाण्याच्या पातळीपासून टेकाडावरच्या वाटपाच्या हौदापर्यंत ३२ मीटर असून, पाइपमधील घर्षणाचे चार मीटर धरून ती ३६ होते. भागाकार केला की दिवसाला सव्वा लाख लिटर येतात. या हिशेबात आजही मोठी चूक सापडत नाही. चूक निघाली ती पुढच्या एका ओळीत: ‘पाण्याच्या पाळ्या पूर्वीप्रमाणेच तासांवर राहतील.’

सकाळी ८ ते ११, ११ ते २ आणि २ ते ५ अशा रोज तीन पाळ्या, म्हणजे प्रत्येकाची पाळी एक दिवसाआड. डिसेंबरातच सकाळच्या पाळीच्या काकूंनी मला बांधावर थांबवून सांगितले, “भाऊ, सगळ्यांच्या रानात सूर्य उगवतो, माझ्या पाळीला तेवढा उगवत नाही.” मी त्यांना थंडीचे दिवस असल्याचे सांगितले. जानेवारीत तक्रार वाढली, तेव्हा पुरवठादाराने कमी क्षमतेची पॅनेल बसवली असा माझा ग्रह झाला आणि मी त्यांना दोन पानांचे, आता वाचताना लाज वाटावी असे, पत्र पाठवले.

खरे कारण कळायला पाण्याचा मीटर लागला. तीन इंची मीटर मूळ अंदाजपत्रकात ७,८०० रुपयांना होता आणि ‘अनावश्यक’ असा शेरा मारून तो मीच कापला होता. साडेपाच लाखांच्या कामात ही बचत दीड टक्क्याचीही नव्हती, आणि तिच्यापायी तीन महिने सहा घरांत अबोला राहिला. फेब्रुवारीत तो मी पदरच्या पैशाने आणला. पहिल्या स्वच्छ दिवशी सकाळच्या पाळीला २२,००० लिटर, मधल्या पाळीला ५६,००० आणि दुपारच्या पाळीला ३४,००० लिटर पाणी गेले. बेरीज १,१२,०००. म्हणजे प्रस्तावातील आकड्यापेक्षा दहा टक्के कमी, आणि तेवढे मला मान्य आहे. पण एकाच्या तीन तासांत दुसऱ्याच्या अडीचपट पाणी जात होते.

इंजिन सकाळी आणि दुपारी सारखेच फिरते, म्हणून तिथे तास मोजणे म्हणजे पाणी मोजणेच होते. सौर पंपात ऊन वाढेल तशी कंट्रोलर मोटारीची गती वाढवतो आणि पंपाची पाणी चढवण्याची उंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आमचा पंप ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ५८ मीटरपर्यंत पाणी उचलतो. त्यामुळे ३२ मीटरच्या हौदात पहिला थेंब पडण्यासाठी किमान ३७ हर्ट्झ लागतात. त्याखाली मोटार फिरते, आवाज येतो, पण पाणी पाइपात अर्ध्यावर उभे राहते. फेब्रुवारीत हा टप्पा पावणेनऊच्या सुमारास येत असे, म्हणजे काकूंच्या तीन तासांतील पाऊण तास निव्वळ आवाजाचा होता. दुपारची पाळी सकाळपेक्षा सरस का, याचेही उत्तर आहे. पुणे भागात फेब्रुवारीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बारा वाजता नव्हे, तर एकला दहा कमी असताना. आमच्या वेळापत्रकाचा मध्य साडेबाराला येत असल्याने सकाळवाल्यांवर अन्याय आपोआप झाला.

पुरवठादाराला मी दिलगिरीचे पत्र लिहिले. पण एप्रिलमध्ये त्यांच्याविषयीचे माझे मत पुन्हा बदलले. विहिरीची पातळी सहा मीटर उतरली, उंची ३८ झाली आणि पाणी सुरू होण्याचा टप्पा साडेचाळीस हर्ट्झवर गेला. आता कंट्रोलर रोज सकाळी `DRY RUN` दाखवून बंद पडू लागला आणि प्रत्येक वेळी अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करू लागला. आलेल्या तंत्रज्ञाने विहिरीत डोकावून न पाहताच ‘विहीर आटली’ असे लिहून दिले, तेव्हा पंपावर चार मीटर पाणी उभे होते. अकरा दिवसांनी दुसरा तंत्रज्ञ आला. कमी गतीत पाणी चढत नाही, म्हणून मोटारीवरचा भार घटतो आणि यंत्र त्यालाच कोरडे चालणे समजते, हे त्याने मीटरचा काटा दाखवून समजावले. भाराची मर्यादा त्याने दहा मिनिटांत बदलली. त्या अकरा दिवसांत भाड्याच्या इंजिनावर सहा हजार रुपये गेले. ते मागूनही मिळालेले नाहीत.

मे महिन्यापासून पाळी लिटरवर आहे: प्रत्येकाला पाळीच्या दिवशी ३५,००० लिटर, आकडा भरला की व्हॉल्व्ह दुसऱ्याकडे. ढगाळ दिवशी उरलेला हिस्सा वहीत शिल्लक म्हणून पुढे ओढला जातो. मीटर बसवताना तो कोपऱ्याला लागून नको, आधी किमान पाऊण मीटर सरळ पाइप हवा. आमचा पहिल्यांदा कोपऱ्यालगतच बसला होता आणि आठवडाभर आकडे उड्या मारत होते.

पैशाचा हिशेबही मी नव्याने मांडला आहे. पॅनेल धुणे, विमा आणि राखण यांवर वर्षाला सुमारे १२,००० रुपये जातात. कंट्रोलर पंचवीस वर्षे टिकणार नाही, म्हणून त्याच्यासाठी ७,००० बाजूला ठेवावे लागतील. हे दोन्ही खर्च प्रस्तावात नव्हते. ते वजा केले तर वार्षिक बचत ८९,००० राहते आणि पैसे फिटायला पाच नव्हे, सहा वर्षे लागतात. सुधारित पत्रक येत्या सभेपुढे ठेवत आहे. मीटरचे ७,८०० रुपये त्यात संस्थेच्या खर्चात दाखवले आहेत आणि ते मला परत मिळावेत, अशी विनंतीही खाली जोडली आहे.