शिलाई मशीन: बाल्कनीत की हॉलमध्ये?

ऐरोलीतल्या आमच्या वन बीएचकेत माणसं पाच. सासूबाई म्हणाल्या, "मशीन बाल्कनीत ने गं, हॉलमध्ये चिंध्या नकोत." उजेड तिथे खरंच छान, काळ्या कापडावरची काळी टीपसुद्धा दिसते. पण जुलैत खिडक्या बंद ठेवूनही ओल आत आलीच. आधी कळलं ते सुईमुळे: पांढऱ्या अस्तरावर टाक्याटाक्याला तांबूस ठिपके. बॉबिन केस काढून पाहिली, तर आत गंजाची पूड.

मग मशीन हॉलमध्ये आणली, खिडकी डाव्या हाताला येईल अशी; म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर पडत नाही. शिवलेलं कापड पसरायला डावीकडे आणखी दीड-दोन फूट लागतात, जागा मोजताना हेच राहून जातं. इथली खरी अडचण धडधडीची, ती लादीतून खालच्या घरात उतरते. स्टँडच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले, मशीन भिंतीपासून चार बोटं सुटी केली, तेव्हा खालच्या काकूंची कुरकुर थांबली. रात्री नऊनंतर मात्र फक्त हातशिलाई. आणि टाचण्या गोळा करायला चुंबक हवाच, घरात रांगतं बाळ आहे.

माझं मत हॉलला. बाल्कनीत कापड बेतणं-कापणं तेवढं, तेही पावसाळा सोडून.