257 नाइट्सचं बिल: हॉटेलचं बिलिंग सॉफ्टवेअर नऊ महिने वापरल्यानंतर

मी पुण्याजवळच्या एका 58 खोल्यांच्या हॉटेलात अकाउंट्स सांभाळते. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे नवं क्लाउड सॉफ्टवेअर आलं. नाव लिहीत नाही, कारण सपोर्टशी अजून बोलणं चालू आहे. चेक-इन, नाइट ऑडिट, रूटिंग, मास्टर बिल या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थेट जानेवारीत जे घडलं त्यावर येते.

बेंगळुरूच्या एका कंपनीचं डीलर ट्रेनिंग होतं. 22 खोल्या, दोघांत एक, 11 रात्री, ब्रेकफास्टसकट 6,400 रुपये खोलीमागे. बिल गेलं आणि पाचव्या दिवशी त्यांच्या फायनान्सच्या मॅडमचा मेल आला: "आमच्या हिशेबाने 242 नाइट्स होतात, तुमच्या बिलात 257 आहेत. लाँड्री आम्ही कबूल केलेली नाही. शेवटच्या डिनरला 31 जण होते, तुम्ही 40 प्लेट लावल्या आहेत. खुलासा येईपर्यंत पेमेंट थांबवलं आहे."

आमच्या फ्रंट ऑफिसचं पहिलं म्हणणं होतं की सिस्टीमने काढलेलं बिल चुकणार नाही. मी ते मेलमध्ये लिहू दिलं नाही. त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: तुमची रूमिंग लिस्ट पाठवा, सोमवारी दुपारपर्यंत खोलीनिहाय ताळा देते, तोवर कोणतीही रक्कम मागणार नाही. तारीख दिली की समोरचा माणूस रोज फोन करत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग त्यांची लिस्ट, आमची रजिस्ट्रेशन कार्डं आणि फोलिओ शेजारी ठेवून एकेक रात्र पिवळ्या पेनने खोडत गेले. पहिल्या सहा रात्री चोख जुळल्या. सातव्या रात्रीपासून तीन खोल्यांत 6,400 ची ओळ दोनदा दिसायला लागली. त्या दिवशी सकाळी पाच जण गेले होते आणि त्यांच्या जागी नवे पाच आले होते.

इथे या सॉफ्टवेअरचा दोष आहे आणि माझा सगळा राग त्यावर आहे. दोघांच्या खोलीत भाडं एकाच्या नावावर असतं, दुसरा 'शेअरर' म्हणून शून्य भाड्याने जोडलेला असतो. नव्या माणसाचं बुकिंग उघडलं की सॉफ्टवेअर त्याला ग्रुपचा पूर्ण दर लावतं. खोलीत आधीच कुणाच्या तरी नावावर भाडं चालू आहे का, हे ते विचारत नाही. रात्री दोनला ऑडिट चाललं की दोघांवरही 6,400 पडतात. पाचपैकी दोन खोल्यांत भाडं नावावर असलेलाच माणूस गेला होता, म्हणून तिथे आपोआप बरोबर झालं. उरलेल्या तीन खोल्या गुणिले पाच रात्री म्हणजे 15 नाइट्स. 96,000 रुपये, वर 5 टक्के कर, मिळून 1,00,800. नाइट ऑडिटरला दोष द्यायला मी तयार नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये एकूण भाड्याचा आकडा येतो. एका खोलीवर दोन भाडी लागली आहेत असा इशारा कुठेच येत नाही.

लाँड्रीचं मूळही तिथेच निघालं. 'वैयक्तिक खर्च पाहुण्याकडून' हे रूटिंग जुन्या बुकिंगवर लावलेलं होतं, नव्या पाच जणांवर ते उतरलंच नाही. करासकट 8,673 रुपये कंपनीच्या बिलात गेले. पाहुणे तर निघून गेलेले. ही रक्कम हॉटेलने सोसली आणि मला ती फार लागली.

या टप्प्यापर्यंत मी एकच स्टार देणार होते. मत बदललं ते पोस्टिंग लॉग पाहून. कोणती ओळ कुणाच्या लॉगिनने, किती वाजता आणि कुठल्या बुकिंगमधून पडली, हे सगळं त्यात आहे आणि ते कुणालाही पुसता येत नाही. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे शोधायला आठवडा गेला असता. इथे एका दुपारीत 15 च्या 15 ओळी कारणासकट हातात होत्या. मॅडमना मी माफीचं लांबलचक पत्र लिहिलं नाही. एक तक्ता पाठवला: खोली, तारीख, तुमचा आकडा, आमचा आकडा, फरक का पडला. सोबत लॉगचं पान जोडलं.

डिनरची तक्रार मात्र मान्य केली नाही. फंक्शन शीटवर 40 प्लेटची हमी होती आणि त्याखाली त्यांच्याच को-ऑर्डिनेटरची सही. स्वयंपाक हमीच्या आकड्यावर होतो. सही केलेल्या पानाचा फोटो पाठवला आणि दोन चुका आमच्या आहेत, ही नाही, असं सरळ लिहिलं. त्यावर त्यांचा एकही उलट प्रश्न आला नाही.

खरी मोठी चूक तर त्यांनी पकडलीच नव्हती. ताळा करताना पर्चेस ऑर्डर उघडली, तर त्यावरचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होत होता आणि आमच्या बिलावरचा 29 ने. 27 म्हणजे महाराष्ट्र, 29 म्हणजे कर्नाटक. हॉटेलच्या खोलीचा कर हॉटेल असलेल्या राज्यातच लागतो, म्हणून बिलात सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी. कर्नाटकच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. योग्य बिलावरही खोल्यांचा कर 77,440 होता, तो कंपनीच्या खिशातून वाया गेला असता. सॉफ्टवेअर नंबर उचलतं ते कंपनीच्या मास्टर प्रोफाइलमधून. बुकिंगमध्ये वेगळा नंबर टाकला तरी छापताना मास्टरच जिंकतो.

आमच्याकडे ई-इनव्हॉइस आहे. आयआरएन रद्द करायला 24 तास मिळतात आणि ते केव्हाच संपले होते. म्हणून फक्त फरकाची क्रेडिट नोट काढून भागणार नव्हतं. 29 वाल्या नंबरावर पूर्ण बिलाची क्रेडिट नोट काढली आणि 27 वाल्या नंबरावर नवं बिल: 242 नाइट्स, 15,48,800, अधिक कर, खोल्यांचे एकूण 16,26,240. डिनर 40 प्लेटनेच ठेवलं, लाँड्री काढली. दोन्ही कागद जानेवारीतच केले, म्हणजे 11 फेब्रुवारीच्या जीएसटीआर-1 मध्ये एकत्र जातील आणि 14 तारखेला मॅडमच्या 2बी मध्ये योग्य राज्यात दिसतील. हे त्यांना आपणहून कळवलं. त्यांचा फोन आला, "हे आमच्या ऑडिटमध्येच निघालं असतं हो." नवं बिल पोचल्यापासून नवव्या दिवशी पूर्ण पेमेंट जमा झालं.

सपोर्टचं उत्तर तेवढ्यात आलं: शेअररचा दर आपोआप शून्य होण्याची सोय 'ग्रुप बिलिंग' मॉड्यूलमध्ये आहे, वर्षाला 18,000 जादा. दोनदा भाडं न लावणं ही जादा पैशांची सोय कशी होते, ते मला पटलेलं नाही आणि मालकांनाही नाही. आम्ही ते घेतलं नाही.

लॉगसाठी आणि वेगासाठी तीन स्टार देते. कॉर्पोरेट ग्रुप घेणाऱ्यांनी डेमोत एकच गोष्ट करून पाहावी: चालू ग्रुपमधला शेअरर बाहेर काढा, नवा आत घाला, ऑडिट चालवा आणि खोलीवर किती ओळी पडल्या ते मोजा. आमच्याकडे आता ग्रुप असेल त्या प्रत्येक रात्री दीड वाजता इन-हाउस लिस्ट खोलीक्रमाने छापली जाते. एका खोलीसमोर दोन दर दिसले तर ऑडिटर मला फोन करतो, मी झोपेत असले तरी. फेब्रुवारीत तो दोनदा आला.